जुना सुती शर्ट खांद्यावर आणि कॉलरला एकाएकी का फाटतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काल संध्याकाळपर्यंत शर्ट चांगला दिसत होता आणि आज हात वर केला तर पाठीवर टरकन फाटला. असं एका दिवसात कसं होतं?

ते एका दिवसात झालेलं नसतं. कापड दोन प्रकारे म्हातारं होतं आणि त्यातला एकच प्रकार आपल्या डोळ्यांना दिसतो.

पहिला प्रकार म्हणजे विरणं. घासून घासून धाग्यातले तंतू निघून जातात, कापड पातळ होतं आणि उजेडासमोर धरलं की जाळीसारखं दिसतं. दुसऱ्या प्रकारात एकही तंतू निघून गेलेला नसतो. कापडाची जाडी तीच आणि पोतही जवळजवळ तोच, पण प्रत्येक तंतू आतून ठिसूळ झालेला असतो. कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो आणि सेल्युलोज म्हणजे साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. झाडावरच्या कापसात एका साखळीत साधारण दहा हजार कड्या असतात. गिरणीतल्या धुलाईत आणि ब्लीचमध्ये त्या तुटत तुटत काही हजारांवर येतात, तरी कापड भक्कम असतं. पुढे ऊन, ब्लीच आणि आम्ल त्या साखळ्या आणखी तोडत राहतात.

एकाएकीपणाचं मूळ इथेच आहे. साखळ्या निम्म्यावर आल्या म्हणून ताकदही निम्मी होते, असं घडत नाही. बराच काळ ताकद फारशी हलत नाही. साखळीत काहीशेच कड्या उरल्या, की मात्र ती झपाट्याने कोसळते. त्यातच कापडात शेजारचे धागे एकमेकांचा भार वाटून घेत असतात. एक तुटला की त्याचा भार दोन्ही बाजूंच्या धाग्यांवर जातो, आणि तेही तितकेच कच्चे असले तर तेही तुटतात. रस्सीखेचीत एकाचा हात सुटला की पाठोपाठ सगळी रांग ओढली जाते, तसंच हे. म्हणून फट बोटभर लांब होऊन थांबत नाही, चांगली वीतभर जाते.

मग दोष कोणाचा? घामाचा, उन्हाचा की धुण्याचा?

याचं उत्तर शर्टावरच लिहिलेलं असतं. शर्टाचं खालचं टोक, म्हणजे पँटमध्ये खोचला जाणारा भाग, नीट पाहा. तो खांद्याइतक्याच वेळा धुतला गेलेला असतो. पावडर तीच, पाणी तेच, मशीनही तेच. पण अंगावर असताना त्याला ऊन लागलेलं नसतं, घाम कमी लागलेला असतो आणि कोणी ब्रश मारलेला नसतो. खांदा सहज फाटतोय आणि खालचं टोक ओढूनही फाटत नाही, तर नुसत्या धुण्याला दोष देता येणार नाही. खालचं टोकही तितक्याच सहज फाटत असेल, तर ब्लीच, फार उकळणं किंवा मुळातच कापडावर केलेली रासायनिक प्रक्रिया यांच्याकडे पाहावं लागेल.

दुसरा साक्षीदार खांद्यावरच आहे. शर्टाच्या पाठीला वर जी दुहेरी पट्टी असते, जिला शिंपी योक किंवा शोल्डर म्हणतात, तिचे दोन थर असतात. वरचा थर ऊन खातो, आतला थर घाम पितो आणि अंगाला घासतो. वरचा फाटला आणि आतला शाबूत असेल तर मुख्य दोष उन्हाचा. आतला आधी गेला असेल तर घाम आणि घर्षण. माझ्या पाहण्यात बहुतेक शर्टांचा वरचाच थर आधी जातो, आणि लोक मात्र घामालाच बोल लावतात.

ऊन कापडाला नेमकं काय करतं? सुती कपडे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या उन्हातच वाळवतो.

उन्हातले अतिनील किरण, हवेतला प्राणवायू आणि कापडातली ओल यांची गाठ पडली की सेल्युलोजचं ऑक्सिडीकरण होतं आणि साखळ्या तुटतात. ओल असताना हे काम वेगाने होतं. पाण्यातून किंवा गंजक्या तारेवरून कापडात लोह आलं असेल तर आणखी वेगाने. काही पिवळे आणि नारिंगी रंग असे असतात की ते स्वतः उन्हात टिकतात, पण उन्हाची ऊर्जा शोषून शेजारच्या कापसाला खातात. रंग तसाच आणि कापड मात्र हातात येतं, हा अनुभव पडद्यांच्या बाबतीत पुष्कळांना असतो.

पिढ्यान्‌पिढ्या उन्हात वाळवतो हे खरंच. ऊन जंतू आणि वास घालवतं, ते उपयोगाचंही आहे. प्रश्न वाळेपर्यंतच्या उन्हाचा नाही, वाळल्यावरही कापडावर पडत राहणाऱ्या उन्हाचा आहे.

हिशेब करून दाखवाल का?

एक शर्ट घेऊ. पांढरं पॉपलिन, पूर्ण बाह्या, मालक सोलापूरसारख्या कोरड्या, कडक उन्हाच्या गावातला. तो मोटारसायकलवरून कामाला जातो आणि आठवड्यातून दोनदा हा शर्ट घालतो. म्हणजे वर्षाला सुमारे १०० वेळा घालणं आणि तितकंच धुणं. रस्त्यावर रोज जाऊन-येऊन एक तास ऊन धरलं, तर वर्षाला १०० तास आणि पाच वर्षांत ५०० तास.

आता दोरीकडे या. पावसाळा आणि ढगाळ दिवस सोडले तर १०० पैकी ७० वेळा शर्ट गच्चीवर उन्हात वाळतो, असं धरू. सकाळी अकराला वाळत घातला आणि तीनला काढला तर चार तास झाले. वर्षाला २८० तास, पाच वर्षांत १४००. म्हणजे अंगावर असताना लागलं त्याच्या जवळजवळ तिप्पट ऊन शर्टाला दोरीवर लागलं. आणि त्या उन्हात पॉपलिन तासा-सव्वातासात वाळतं. सव्वा तास धरला तरी १४०० पैकी साडेनऊशेहून अधिक तास शर्ट वाळून गेल्यावर नुसता तापत होता.

त्यात तो हँगरला टांगलेला. हँगरवर शर्टाचा कोणता भाग आभाळाकडे तोंड करून असतो? खांदे आणि कॉलरची वरची कड. दुपारचं डोक्यावरचं ऊन नेमकं तिथे सरळ पडतं, तर पुढचा-मागचा भाग उभा असल्याने त्याला ते तिरपं लागतं. मोटारसायकलवर, शेतात, बांधकामावरही ऊन याच जागी पडतं. खांदा दोन्हीकडून मार खातो तो असा.

पाच वर्षांनी या शर्टाचं काय होईल? खालचं टोक ठणठणीत, योकचा आतला थर बरा, वरचा थर आणि त्याच्या लगतची पाठ कच्ची. मालक गाडीचं हँडल धरायला दोन्ही हात पुढे नेतो, पाठ ताणली जाते आणि खांद्याच्या पात्यापाशी फट पडते.

ती फट नेहमी उभीच का पडते?

हात पुढे घेतल्यावर पाठीवर ताण आडवा पडतो, एका बाहीपासून दुसऱ्या बाहीकडे. तो ताण झेलतात आडवे धागे, म्हणजे बाणा. शर्टाच्या पॉपलिनमध्ये उभे धागे, म्हणजे ताणा, आडव्यांच्या जवळजवळ दुप्पट दाट असतात. संख्येने कमी असलेले आडवे धागे आधी तुटतात आणि फट उभ्या धाग्यांच्या कडेने खाली धावते.

कधी फट योकच्या शिवणीला लागून आडवी जाते. तिथलं कारण वेगळं आहे. शिवणीत इंचाला दहा-बारा टाके असतात, म्हणजे कापडात तितकी भोकं. दोरा हल्ली बहुधा पॉलिएस्टरचा असतो. तो उन्हात आणि धुण्यात जुन्या कापसापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, म्हणून शिवण जागच्या जागी राहते आणि तिच्या शेजारचं कापड भोकांच्या रांगेत फाटतं. याला उसवणं म्हणता येणार नाही. शिंप्याने तिथेच पुन्हा शिवण मारली तर कच्च्या कापडाला आणखी भोकं पडतात आणि आठवड्यात ते पुन्हा जातं.

कॉलर का जाते? तिथे तर एवढा ताण नसतो.

कॉलर ताणाने जात नाही, घासून जाते. आत बक्रम असतं, म्हणून दुमडीवर कापडाला एक कडक, न हलणारी धार मिळते. त्या धारेवर दिवसभर मान फिरते आणि दाढीचे खुंट घासतात. प्रत्येक इस्त्रीत दुमड नेमकी त्याच रेषेवर पक्की होते. मानेच्या त्वचेतून घामाबरोबर तेलही येतं. ते तेल धूळ धरून ठेवतं, एक-दोन दिवसांत हवेने पिवळं पडतं आणि कापडात मुरतं. मग ती काळी-पिवळी रेघ घालवायला आपण नायलॉनचा ब्रश घेतो.

मला वाटतं, कॉलर फाटण्यात घामाचा वाटा अप्रत्यक्ष आहे. घाम आणि तेल मळ धरतात, आणि मळ काढणारा ब्रश कॉलर खातो. ओल्या कापडाचे धागे फुगून वर आलेले असतात, त्यांच्यावर ताठ ब्रश दहा-वीस वेळा जोरात मारला की टोकं तुटून निघतात. पुरावा पाहायचा असेल तर कॉलर उलटून पाहा. दुमडीच्या वरच्या रेषेत बक्रम दिसायला लागलेलं असतं आणि अर्ध्या इंचावर कापड कोरं करकरीत असतं. हे विरणं आहे, ठिसूळ होणं नाही, म्हणून कॉलर खांद्यासारखी अचानक जात नाही. आधी केसाळ होते, मग पांढुरकी, मग फाटते. आपलं लक्ष मात्र शेवटच्याच दिवशी जातं.

मग कॉलरचा मळ काढायचा कसा?

शक्यतो शर्ट घातला त्याच दिवशी धुवा, कारण ताजं तेल सहज निघतं आणि पिवळं पडलेलं निघत नाही. धुण्याआधी कॉलरच्या रेघेवर पातळ डिटर्जंट किंवा साबणाची ओली वडी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मळ तेलकट असल्याने हाताला सोसेल इतकं कोमट पाणी थंड पाण्यापेक्षा बरं काम करतं. मग तळव्याने चोळा किंवा कापडावर कापड हलकं घासा. ब्रश घ्यायचाच असेल तर मऊ घ्या आणि रेघेच्या दिशेने फिरवा, आडवा नको. एकदा धुऊन थोडी रेघ राहिली तर राहू द्या. ती पूर्ण घालवण्याच्या हट्टात कॉलरचं आयुष्य जातं.

घाम स्वतः कापूस खातो का?

ताजा घाम सौम्य आम्लधर्मी असतो. त्यात मीठ, लॅक्टिक आम्ल आणि युरिया असतं. इतकं सौम्य आम्ल तासाभरात कापसाचं फारसं बिघडवत नाही. घामाचं नुकसान सुरू होतं ते शर्ट तसाच ठेवल्यावर. पाणी उडून जातं, आम्ल आणि मीठ मागे राहून दाट होतं. जिवाणू युरियापासून अमोनिया करतात आणि तो आंबट-उग्र वास येतो. घामट शर्ट न धुता त्यावरच गरम इस्त्री फिरवणं सगळ्यांत वाईट, कारण आम्लाचं काम उष्णतेने वाढतं.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आणखी एक भर पडते. ओला घामट शर्ट बादलीत किंवा ढिगात दोन दिवस राहिला की काळे ठिपके उठतात. ती बुरशी असते आणि ती सेल्युलोजच खाते. डाग ब्लीचने गेला तरी तिथलं कापड कच्चं झालेलं असतं.

काखेत कापड कडक होऊन फाटतं, तेही घामानेच का?

बहुतेक वेळा घाम थांबवणाऱ्या फवाऱ्याने किंवा रोलऑनने. त्यात ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते पाण्याबरोबर आम्ल सोडतात, शिवाय साबणाशी जुळून पुठ्ठ्यासारखा थर धरतात. लावल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच शर्ट घाला, आणि काखेची जागा इस्त्रीआधी नीट धुतलेली असू द्या.

घाटावर आपटून धुतल्यामुळे कापड जास्त फाटतं ना?

नव्या, निरोगी कापसाला आपटणं वाटतं तितकं बाधत नाही. कापूस ओला झाला की त्याची ताकद कमी होत नाही, उलट दहा ते वीस टक्क्यांनी वाढते. दगडावर आपटणं आणि पिळणं सुती कपडे इतकी वर्षं सोसत आले, त्याचं हे एक कारण. पण ऊन आणि ब्लीचने ठिसूळ झालेल्या कापडाला हा फायदा मिळत नाही, ते ओल्या पिळ्यातही तुटतं. म्हणून शर्ट जुना झाला की त्याला पिळू नका, निथळत ठेवा.

सोड्याला कापूस घाबरत नाही. त्याचे खरे वैरी आम्ल आणि ब्लीच.

ब्लीच किती धोक्याचं?

योग्य मापात आणि क्वचित वापरलं तर कमी, पण घरी ते तसं क्वचितच वापरलं जातं. बाजारातलं द्रव ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ते मळाबरोबर सेल्युलोजलाही ऑक्सिडाइझ करतं. बादलीत कपडे ठेवून त्यावर ओतलं की जिथे धार पडली तिथे कापड मरतं. आधी पाण्यात मिसळून मगच कपडे घाला, पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा जास्त घेऊ नका, रात्रभर भिजवू नका आणि नंतर दोन-तीन पाण्यांतून काढा. गंजाच्या डागावर ब्लीच कधीच नको. लोहामुळे तिथला वेग इतका वाढतो की डागाच्या जागी भोक पडतं. ब्लीचमध्ये लिंबू किंवा व्हिनेगर घालू नका. कापड तर जाईलच, पण त्यातून निघणारा क्लोरीन वायू माणसालाही घातक आहे.

गंजावर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवण्याचा घरगुती उपाय काम करतो. फक्त ते कापडात वाळू देऊ नका. लिंबाचं आम्ल उडून जात नाही, पाणी आटेल तसं दाट होत जातं. डाग फिका झाला की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

फाटण्याआधी कळेल का?

कळेल. शर्ट कोरडा असताना खालच्या टोकाचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा, दोन्ही अंगठे जवळ आणा आणि बोटांची पेरं एकमेकांवर टेकवून अंगठे खाली फाकवा. किती जोर लागतो ते लक्षात ठेवा. तेवढ्याच जोराने हीच कृती योकच्या खाली, खांद्याच्या पात्यावर करा. बारीक ‘फस्स’ असा आवाज आला किंवा धागे सरकून फट दिसली, तर कापड संपत आलं आहे. ही कसोटी कच्च्या कापडाला फाडूही शकते, म्हणून महत्त्वाच्या शर्टावर जपून करा.

शर्ट फाटलाच असेल तर फटीच्या कडेचा एक धागा ओढून काढा आणि खालच्या दुमडीतला एक. दोन्ही तोडून पाहा. चांगला धागा थोडा ताणला जातो आणि तुटताना लांब तंतूंची शेपटी सोडतो. ठिसूळ धागा न ताणताच तुटतो आणि त्याचं टोक आखूड, कापल्यासारखं राहतं. तंतू एकमेकांवरून सरकले नाहीत, जागच्या जागी तुटले, याची ती खूण.

प्रयोगशाळेत हेच मोजतात. कापडाचा तुकडा तांबं आणि अमोनियाच्या द्रावणात विरघळवतात आणि तो द्रव किती घट्ट आहे ते पाहतात. साखळ्या लांब असतील तर द्रव घट्ट, तुटलेल्या असतील तर पातळ. एखाद्या शर्टासाठी एवढं कोणी करत नाही, पण गणवेशांचा सगळाच माल लवकर फाटला, तर दोष कापडाचा की वापराचा हे यावरून ठरवता येतं. कापडाच्या अशा चाचण्यांसाठी मुंबईत घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन आहे.

‘सुरकुत्या न पडणारा’ सुती शर्ट लवकर का फाटला?

सुरकुत्या पडू नयेत म्हणून राळेसारख्या रसायनाने सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. बांधल्यामुळे कापड सपाट राहतं, पण तंतूंना ताणाखाली सरकायला जागा उरत नाही. कापडाची एक तृतीयांश ते निम्मी ताकद तिथेच, दुकानात येण्याआधीच जाते. असा शर्ट खालच्या टोकालाही सहज फाटला तर नवल वाटून घेऊ नका.

टेरिकॉटन?

त्यातला कापूस झिजतो, पॉलिएस्टर राहतं. कॉलर पारदर्शक होते, पण फाटत नाही.

वाळत घालताना नेमकं काय बदलू?

शर्ट वाळला की दोरीवरून काढा, हे पहिलं. वरच्या हिशेबातल्या शर्टाचं एवढ्यानेच दोरीवरचं दोन तृतीयांश ऊन वाचतं. ते जमत नसेल तर खालच्या टोकाला चिमटे लावून उलटा टांगा, म्हणजे खांदे खाली राहतात आणि वरचं ऊन त्यांना सरळ लागत नाही. आतली बाजू बाहेर करून टांगल्याने रंग वाचतो. खांद्याला मात्र त्याने अर्धीच मदत होते, कारण ऊन वरच्या थराऐवजी आतल्या थराला लागू लागतं. सावलीत, वाऱ्यावर वाळवणं सर्वांत चांगलं, पण पावसाळ्यात तसा हट्ट धरू नका. कुबट वास येणारं ओलसर कापड उन्हापेक्षा लवकर बिघडतं. तार गंजली असेल तर आधी ती बदला.

फाटलेला शर्ट दुरुस्त करावा की नाही?

कॉलर गेली असेल तर नक्की करावा. जुने शिंपी कॉलर उसवून पलटी करतात, म्हणजे आतली न वापरलेली बाजू वर येते. बाकी शर्ट भक्कम असेल तर त्याला आणखी दोन-तीन वर्षं सहज मिळतात.

खांद्याचं तसं नाही. फटीवर रफू केला तर रफूचा धागा शेजारच्या कच्च्या कापडालाच तोडतो. दुरुस्ती करायची तर पक्क्या कापडापर्यंत पोहोचणारं ठिगळ आतून लावावं लागतं, किंवा योकचा वरचा थर पूर्ण बदलावा लागतो. त्याला कापड कुठून आणायचं? पूर्ण बाह्यांचा शर्ट अर्ध्या बाह्यांचा करा. दोन्ही बाह्यांच्या खालच्या भागातून खांद्याला पुरेल इतकं, त्याच रंगाचं आणि तितकंच धुतलेलं कापड मिळतं. नवं कोरं कापड लावलं तर ते धुतल्यावर आटतं आणि कडेची शिवण ओढतं.

गोधडीला चालेल का?

चालेल, पण अंगठ्याची कसोटी करूनच तुकडे काढा. बाह्या, पाठीचा खालचा भाग आणि पुढची खालची टोकं घ्या. योकपासून चार बोटं खालीपर्यंतचं कापड कापून वेगळं करा आणि पुसायला वापरा. ते गोधडीत गेलं तर टाक्यांच्या रांगेत पहिल्याच धुण्यात सुटतं.